बिल हरवलंय, की फक्त त्याचा नंबर बदललाय?

दोन याद्या जुळवणं म्हणजे फक्त `merge` असं वाटत असेल, तर एकदा खरेदी रजिस्टर आणि जीएसटी पोर्टलचा डेटा जुळवून बघा. मी मामाच्या हार्डवेअर दुकानाचा ऑक्टोबर २०२४ चा डेटा घेतला होता. एका बाजूला टॅलीमधलं खरेदी रजिस्टर, दुसऱ्या बाजूला पोर्टलवरचं जीएसटीआर-२बी. पुरवठादारांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवलेली बिलं त्यात येतात. जे बिल त्यात नाही, त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही.

आधी एक तयारी. एका बिलात दोन वेगळ्या दरांचा माल असेल तर रजिस्टरमध्ये दोन ओळी असतात. म्हणून दोन्हीकडे जीएसटीआयएन आणि बिल नंबरनुसार कराची बेरीज करून घ्या. मग:

```python
m = books.merge(portal, on=["gstin", "inv"],
                how="outer", indicator=True,
                suffixes=("_b", "_p"))
```

`_merge` कॉलममध्ये `left_only` म्हणजे फक्त आपल्याकडे असलेलं बिल, `right_only` म्हणजे फक्त पोर्टलवर असलेलं. माझ्याकडे पहिल्या प्रकारची १९ आणि दुसऱ्या प्रकारची १४ निघाली. मामा घाबरलाच!

पण नीट पाहिलं तर त्यातल्या बऱ्याच जोड्या होत्या. आपल्याकडे `87`, पोर्टलवर `0087/24-25`. पुरवठादार तोच, तारीख तीच, कर १,८०० तोच. मग मला वाटलं, नंबरमधलं सगळं काढून फक्त अंक ठेवू. ही चूक करू नका. `A/12` आणि `B/12` ही दोन वेगळी बिलं एकच होऊन बसतात, आणि ते कळतही नाही. त्यापेक्षा मूळ नंबर तसाच ठेवा. आधी तंतोतंत जुळणारी बिलं बाजूला काढा. उरलेली जीएसटीआयएन, तारीख आणि एक रुपयाच्या आतबाहेर कर यांवर जुळवा, आणि या जोड्या डोळ्यांनी तपासा. अशा ११ जोड्या सापडल्या.

उरली आपल्याकडची आठ. ऑक्टोबरचं २बी १४ नोव्हेंबरला तयार झालं. पुरवठादाराने रिटर्न उशिरा भरलं तर त्याचं बिल पुढच्या महिन्याच्या २बीमध्ये येतं. पाच तिथे मिळाली. म्हणजे खरी गायब फक्त तीन, त्यांच्यावरचा कर १४,२२० रुपये. त्या तिघांनाच फोन करायचा होता. फक्त पोर्टलवर असलेली तीन बिलं मात्र मामाच्या खणातच निघाली, टॅलीत चढवायची राहिलेली.

जुळलेल्या बिलांमध्येही एकूण कराचा फरक बघून थांबू नका. एका बिलात आपण ९०० सीजीएसटी आणि ९०० एसजीएसटी लिहिलं होतं, पोर्टलवर १,८०० आयजीएसटी होता. बेरजेचा फरक शून्य! तिन्ही कॉलमचा फरक वेगवेगळा काढला तेव्हाच ते पकडलं गेलं.