वाचनकोपऱ्यातली पुस्तकं बदलताना

जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांमध्ये आज वाचनकोपरा दिसतो. सतरंजी असते, भिंतीवर रंगीत फलक असतो, दोरीला चिमट्यांनी पुस्तकं अडकवलेली असतात. जूनमध्ये तिथे मुलांची झुंबड उडते आणि श्रावण संपेपर्यंत कोपरा ओस पडतो. तेव्हा शिक्षकांकडून ऐकू येतं, ‘मुलांना वाचायची गोडीच नाही.’ माझ्या मते दोष मुलांचा नसतो. जूनमध्ये टांगलेली तीच चाळीस पुस्तकं ऑगस्टमध्येही तिथेच असतात, आणि कपाटातल्या उरलेल्या पुस्तकांना मात्र कुलूप असतं.

पुस्तकं बदलत राहण्याची साधी पद्धत एका वर्गाच्या आधारे पाहू. तिसरीच्या वर्गात 28 मुलं आहेत आणि शाळेकडे त्यांना चालतील अशी 120 पुस्तकं आहेत, असं धरू. कोपऱ्यात एका वेळी साधारण 40 मांडायची. याहून जास्त मांडली तर मुलं नुसती चाळत बसतात, आणि फार कमी असली तर हवं ते पुस्तक नेमकं दुसऱ्याच्या हातात असतं. बाकीची 80 खोक्यांत ठेवायची. दर दुसऱ्या शनिवारी चाळीसपैकी 13-14 पुस्तकं काढायची आणि तेवढीच नवी मांडायची.

सगळी चाळीस एकदम बदलण्याचा मोह होतो, कारण कोपरा नवा कोरा दिसतो. पण त्यात मुलांचं नुकसान आहे. एखादी मुलगी एकच पुस्तक आठवडाभर रोज उघडत असते. पहिल्या दिवशी ती चित्रं पाहते, दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडून ऐकते, चौथ्या दिवशी स्वतः बोट ठेवून वाचू लागते. नेमकं त्याच वेळी पुस्तक गायब झालं तर तिची मेहनत अर्ध्यावर राहते. एक तृतीयांश पुस्तकं बदलली की प्रत्येक पुस्तकाला साधारण दीड महिना मिळतो. खोक्यात गेलेलं पुस्तक तीनेक महिन्यांनी परत येतं, आणि मला या पद्धतीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. ऑगस्टमध्ये ज्याची नुसती चित्रं पाहिली, ते दिवाळीनंतर वाचता येतंय हे मुलाला स्वतःलाच कळतं. ते त्याला कुणी सांगावं लागत नाही.

काय काढायचं हे ठरवण्यासाठी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवावी. पुस्तक घरी नेणाऱ्या मुलाने तिच्यावर आपलं नाव आणि तारीख लिहायची. शनिवारी नेलेलं पुस्तक सोमवारी परत. महिन्याभरात चिठ्ठी भरत आली असेल तर पुस्तक ठेवावं. चिठ्ठी कोरी राहिली असेल तर ते लगेच खोक्यात टाकू नये. आधी ते मुलांच्या नजरेच्या उंचीवर आणावं, आणि शिक्षकांनी त्यातली दोन-तीन पानं मोठ्याने वाचून, उत्सुकता ताणली जाईल अशा जागी थांबावं. अनेकदा त्याच दुपारी त्या पुस्तकासाठी ओढाताण होते. एवढं करूनही कुणी हात लावला नाही, तर ते मुलांसाठी फार अवघड आहे किंवा फार बाळबोध. दोन्हीत उपाय एकच: खोकं.

चिठ्ठीवर सगळं उतरत नाही. काही मुलं पुस्तक घरी नेतच नाहीत, कारण घरी लहान भावंडं ते फाडतील अशी त्यांना भीती वाटते. म्हणून आठवड्यातून एकदा दहा मिनिटं नुसतं पाहत बसावं. कोण पानं भराभर उलटतं, कोण एकाच पानावर रेंगाळतं, कोण कोपऱ्यात येतच नाही? जे येत नाहीत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना वाचायला वेळच मिळालेला नसतो. ‘लिहून झालं की कोपऱ्यात जा’ असा नियम असेल, तर भराभर लिहिणारी तीच पाच-सहा मुलं रोज तिथे पोचतात, आणि ज्याला वाचनाची खरी गरज आहे तो वहीतच अडकून राहतो. त्यापेक्षा मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला कोपऱ्यासाठी ठरलेला वेळ द्यावा. खिचडी खाऊन झाल्यावरची वीस मिनिटं त्यासाठी चांगली.

निवड करताना तिसरीचा वर्ग म्हणून तिसरीचीच पुस्तकं असा विचार करू नये. एकाच वर्गात सलग वाचणारी मुलंही असतात आणि जोडाक्षरावर अडखळणारीही. चाळिसातली दहा-बारा तरी शब्द नसलेली किंवा पानाला एक-दोन ओळींची असावीत. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ अशा वेळी फार उपयोगी पडतं, कारण त्यातल्या चित्रांवर सगळ्यांनाच बोलता येतं. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर वाचनाची पातळी छापलेली असते, त्यामुळे निवड सोपी होते. ‘किशोर’चे जुने अंक, प्राण्यांची आणि यंत्रांची माहिती देणारी पुस्तकं, कविता हे सगळं थोडंथोडं हवं. गोष्टींकडे न वळणारी कितीतरी मुलं बेडकावरचं पुस्तक मात्र सोडत नाहीत. मुलांनी स्वतःच्या घरच्या बोलीत सांगितलेल्या आणि शिक्षकांनी लिहून घेतलेल्या गोष्टींची शिवलेली दोन-तीन पुस्तकंही मांडावीत. माझा अनुभव असा, की चिठ्ठ्या सर्वांत आधी त्यांच्याच भरतात.

मांडणीत मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे, एवढी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. नीट न वाचता येणारं मूल पुस्तक चित्रावरून निवडतं. कण्याकडून रचलेल्या पातळ पुस्तकांत त्याला काहीच दिसत नाही. दोरी आणि चिमटे स्वस्त पडतात, पण जड पुस्तकाने दोरी लोंबते आणि पानांचे कोपरे दुमडतात. जुन्या साडीचे किंवा जाड कापडाचे खिसे शिवून भिंतीवर टांगले तर पुस्तकं टिकतात. सर्वांत वरचा खिसाही मुलांच्या हाताला सहज लागला पाहिजे. ज्या भिंतीवर पावसाचा मारा होतो ती टाळावी, नाहीतर जुलैतच पानांना बुरशी धरते. खिडकीजवळची, फळ्यापासून आणि दारापासून लांबची जागा चांगली. पाच-सहा मुलं मांडी घालून बसतील एवढी सतरंजी आणि धुता येतील अशा अभ्र्यांच्या चार उशा पुरतात.

पुस्तकं फाटतात, आणि हीच भीती कपाटाला कुलूप घालायला लावते. एक खोकं ‘पुस्तकांचा दवाखाना’ म्हणून ठेवावं. फाटलं की मुलाने न घाबरता त्यात टाकायचं, आणि अदलाबदलीच्या शनिवारी चार मुलांनी मिळून पातळ कागद आणि डिंकाने ते जोडायचं. साधी चिकटपट्टी टाळावी, ती पिवळी पडून पानासकट निघते. खोक्यांतली पुस्तकंही महिन्यातून एकदा उघडून झटकावीत, कारण बंद खोक्यात कसर आणि वाळवी लागायला वेळ लागत नाही.

ज्या शाळेत 120 पुस्तकं नाहीत, तिथे केंद्रातल्या शेजारच्या शाळेशी अदलाबदल करता येते. दोन्ही शाळांनी पन्नास-साठ पुस्तकांचं एकेक खोकं भरायचं, आत यादी ठेवायची आणि दर तिमाहीला शिक्षण परिषदेच्या दिवशी खोकी बदलायची. खोक्यात आपल्याकडची नको असलेली, फाटकी पुस्तकं भरली तर हा व्यवहार पहिल्याच फेरीत बंद पडतो. म्हणून अर्धी तरी पुस्तकं चिठ्ठी भरलेली असावीत, आणि कोणती पाठवायची ते मुलांना निवडू द्यावं.