गुटगुटीत बाळ आणि शेवटचा घास

“वर्षाचा होईपर्यंत छान जेवायचा, आता तोंडच फिरवतो!” ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मैत्रिणींनो, यात बहुधा बाळाचे काही बिघडलेले नसते. पहिल्या वर्षात बाळाचे वजन सुमारे सहा किलोंनी वाढते, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम अडीच किलोंनी. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावणारच. पण आपण घाबरतो, आणि काऊ-चिऊचा घास, मोबाईलवरचे गाणे, नाहीतर दुधाची बाटली पुढे करतो.

आमच्या बिरवाडीतल्या एका दोन वर्षांच्या बाळाचेच पाहा ना. “काही खात नाही” म्हणत घरची मंडळी त्याला दिवसातून तीनदा पाव लिटर गाईचे दूध देत, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर घालून. वर सहा बिस्किटे. या वयाला दिवसाकाठी साधारण १००० कॅलरी पुरतात. त्यातल्या सुमारे ६०० दुधा-साखरेतून आणि दीडशेच्या आसपास बिस्किटांतून जात. मग वरणभाताला भूक राहणार कुठून? आणि तरीही तो बळेबळे भरवला की वजन वाढणारच!

यावर उपाय उपाशी ठेवण्याचा नाही. दूध दिवसाला दोन लहान कपांवर, म्हणजे फार तर अर्धा लिटरवर आणा. ते बिनसाखरेचे आणि बाटलीऐवजी कपातून द्या. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचे अंतर ठेवा. मध्ये तहान लागली तर पाणीच. ताटलीत आधी अर्धी वाटी मऊ भात, दाट वरण आणि थोडी भाजी एवढेच वाढा. आणखी मागितले तर जरूर द्या. काय आणि केव्हा वाढायचे ते आपण ठरवावे, किती खायचे ते बाळाने. ओठ मिटले, मान फिरवली, घास थुंकला किंवा भाताशी खेळू लागले की पोट भरले असे समजावे आणि उरलेले उचलून ठेवावे. मोबाईल पाहत जेवणाऱ्या बाळाला ही खूण स्वतःलाच कळत नाही. तूप मात्र एकदम बंद करू नका; लहानग्यांना स्निग्ध पदार्थ हवेतच.

खेळ दिवसभरात मिळून तीन तास तरी हवा. आपल्याकडे पावसाळ्यात अंगण चार महिने बंदच! तेव्हा पडवीत चेंडू लोटणे, उशांवरून चढणे, रिकामे डबे ओढत नेणे, आपला हात धरून पायऱ्या चढणे चालते.

नुसत्या नजरेने “जाड” ठरवू नका. अंगणवाडीत वजन आणि उंची दोन्ही मोजून घ्या आणि उंचीच्या मानाने वजन कुठे येते ते ताईंना तक्त्यावर दाखवायला सांगा. या वयात वजन उतरवायचे नसते. ते हळू वाढू द्यायचे, उंची त्याला गाठते. पण वजन भराभर वाढते आणि उंची मात्र थांबल्यासारखी दिसते, असे असेल तर ताटलीकडे पाहत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.