दोन्ही बाजूंनी अडकलेला X

AX + XB = C या समीकरणात A, B आणि C हे मॅट्रिक्स दिलेले असतात, X शोधायचा असतो. साध्या संख्यांचे ax + xb = c असते, तर x सामाईक काढून c ला (a + b) ने भागले की काम झाले. मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलता येत नाही. X इथे A च्या उजवीकडे आणि B च्या डावीकडे असल्यामुळे तो सामाईक निघत नाही. इंग्रज गणिती जेम्स सिल्वेस्टर यांच्या नावाने हे समीकरण ओळखले जाते.

वाट सापडते ती एका साध्या गोष्टीतून. X मधील प्रत्येक संख्या या समीकरणात एकट्याने, पहिल्या घातातच येते. म्हणजे मॅट्रिक्सचा वेष उतरवला, तर खाली शाळेतली एकसामयिक समीकरणेच असतात. उदाहरण घेऊ.

```
A = [1 2]   B = [1 0]   C = [ 2 8]   X = [x y]
    [0 3]       [1 2]       [-3 5]       [z w]
```

गुणाकार करून दोन्ही बाजूंच्या जागा जुळवायच्या. X चे स्तंभ एकाखाली एक रचले, तर अज्ञातांचा क्रम x, z, y, w होतो. C चे स्तंभही तसेच रचायचे.

```
2x + 2z +  y      =  2
     4z      +  w = -3
          3y + 2w =  8
               5w =  5
```

शेवटच्या समीकरणातून w = 1, मग वर चढत y = 2, z = -1 आणि x = 1.

सहगुणकांचा हा चार बाय चार मॅट्रिक्स गुणाकार न करताही थेट लिहिता येतो. I हा एकक मॅट्रिक्स, ⊗ हा क्रोनेकर गुणाकार (डावीकडील मॅट्रिक्सच्या प्रत्येक संख्येच्या जागी ती संख्या गुणिले अख्खा उजवा मॅट्रिक्स) आणि vec म्हणजे स्तंभांची उभी रचना, असे मानले तर:

```
(I ⊗ A + Bᵀ ⊗ I) vec(X) = vec(C)
```

Bᵀ मध्ये B च्या ओळींचे स्तंभ झालेले असतात. हा बदल विसरणे ही नेहमीची चूक. तरीही उत्तर निघते, फक्त ते चुकीचे असते; म्हणून X मूळ समीकरणात घालून पाहावा.

कर्णावरच्या २, ४, ३, ५ या संख्या म्हणजे A च्या आयगेन मूल्यांत (१, ३) B ची आयगेन मूल्ये (१, २) मिळवून येणाऱ्या बेरजा. यांतली एकही बेरीज शून्य नसेल, तरच उत्तर एकमेव असते. B मधल्या २ च्या जागी -३ ठेवले, तर शेवटचे समीकरण 0·w = 5 होते आणि उत्तरच उरत नाही. C मध्ये ५ ऐवजी ० असता, तर उत्तरे अगणित झाली असती.

अडचण आकाराची आहे. A आणि B शंभर बाय शंभर असले, तर अज्ञात दहा हजार होतात आणि सहगुणकांच्या जागा दहा कोटी. त्यामुळे मोठ्या गणितात १९७२ साली बार्टल्स आणि स्ट्युअर्ट यांनी मांडलेली पद्धत वापरतात: आधी A आणि B ला त्रिकोणी रूप द्यायचे, मग वरच्या उदाहरणाप्रमाणे एकेक अज्ञात सोडवत जायचे.