द्राक्ष अधिवेशनाला गावातून एक जण गेला तरी काम होतं. पण त्यानं काय विचारून यायचं?

चांदवड : तालुक्यात वडनेरभैरवच्या पट्ट्यात द्राक्षाच्या बागा बऱ्याच. एप्रिलची खरड छाटणी झाली की ऑगस्टपर्यंत काडी पिकते आणि मग ऑक्टोबर छाटणीची तयारी सुरू होते. नेमकं याच मधल्या दिवसांत, ऑगस्टच्या शेवटाला, महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाचं वार्षिक अधिवेशन पुण्याला भरतं. दरवर्षी गावात तोच वाद. जावं की नाही? दोन दिवसांचा खाडा, गाडीभाडं, जेवण, आणि तिकडे जाऊन ऐकायची ती भाषणंच.

वाद खोटा नाही. भाषणं ऐकायलाच जायचं असेल तर न गेलेलं बरं. पण अशा ठिकाणी एक गोष्ट कळते जी दुकानात कळत नाही. पुढच्या हंगामात माल घेणारा काय मागणार आहे, आणि कशाला नकार देणार आहे. ती वेळेत कळली नाही तर काय होतं, हे नाशिक जिल्ह्यानं 2010 साली बघितलं आहे.

त्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश सापडला. आपल्याकडे त्याला सगळे सीसीसी म्हणतात. माल तिकडे पोचलेला, आणि घेणाऱ्यांनी हात वर केले. कंटेनर अडकले, भाव पडले, निर्यातदारांनी बागाईतदारांचे पैसे थांबवले. इथली तपासणी झाली नव्हती असं नाही. निर्यातीचा माल प्रयोगशाळेतून पास होऊनच गेला होता. पण कोणकोणत्या औषधांचे अंश तपासायचे याची जी सरकारी यादी होती, तिच्यात त्या वेळी सीसीसीचं नाव नव्हतं. जे शोधलंच नाही ते सापडणार कसं? युरोपच्या प्रयोगशाळेनं शोधलं आणि त्यांना सापडलं.

यातली खरी मेख वेळेची आहे. सीसीसी काही काढणीच्या तोंडावर मारत नाहीत. खरड छाटणीनंतर वेल नुसता शेंड्याला पळू नये, डोळ्यात सूक्ष्म घड तयार व्हावा म्हणून ते उन्हाळ्यात मारलं जातं. माल निघतो पुढच्या जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये. म्हणजे मधे आठ-दहा महिने गेले. इतक्या दिवसांनी काय राहतं, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण हे औषध वेलाच्या लाकडात साठून राहतं आणि तिथून पुढच्या मालात उतरतं. युरोपची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. हिशेब करून बघा, 20 टन द्राक्षांत मिळून फक्त 1 ग्रॅम. एवढ्याशा अंशासाठी फेब्रुवारीत बातमी कळून उपयोग काय? फवारा तर मागच्या उन्हाळ्यातच होऊन गेला. ही माहिती लागते ती खरड छाटणीच्या आधी.

त्यानंतर सीसीसी तपासणीच्या यादीत आलं. आता मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या दोन याद्या बागाईतदाराच्या कामाच्या आहेत. ‘अनेक्श्चर 5’ मध्ये द्राक्षावर कोणती औषधं चालतात, प्रमाण किती, आणि शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी थांबवायची हे दिलेलं असतं. ‘अनेक्श्चर 9’ मध्ये कशाकशाचे अंश तपासले जाणार ते असतं. या याद्या बदलत राहतात. काही औषधं निघतात, काहींची मर्यादा खाली येते. दुकानदाराकडे मागच्या वर्षीचा माल शिल्लक असेल तर तो तुम्हाला आपण होऊन यादी बदलल्याचं सांगेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

संघाचा उपयोग इथे होतो. हा संघ 1960 सालचा, बागाईतदारांनीच उभा केलेला. नाशिक, पुणे, सांगली आणि सोलापूर असे त्याचे चार विभाग आहेत. ‘द्राक्षवृत्त’ नावाचं मासिक निघतं. खरड छाटणीच्या आधी आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी विभागवार चर्चासत्रं होतात, आणि ऑगस्टमध्ये पुण्याचं अधिवेशन. तिथे मांजरीचे शास्त्रज्ञ असतात, निर्यातदार असतात, सांगली-सोलापूरचे बागाईतदार असतात. संघाचं सभासदत्व कसं घ्यायचं, वर्गणी किती, हे नाशिक विभागाच्या कार्यालयात विचारलं की कळतं.

आता खर्चाचं. प्रत्येकानं प्रत्येक ठिकाणी जायची गरज नाही. समजा एका शिवारात पाच जणांच्या दोन-दोन, तीन-तीन एकर बागा आहेत. पाचांनी मिळून वर्षाचे चार कार्यक्रम धरायचे. खरड छाटणीचं चर्चासत्र, पुण्याचं अधिवेशन, ऑक्टोबर छाटणीचं चर्चासत्र, आणि माल काढणीला आल्यावर एखाद्या चांगल्या निर्यातक्षम बागेतली शिवार फेरी. नाशिक जिल्ह्यातल्या तीन ठिकाणी मोटारसायकलवर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पुण्याला एकानेच जायचं, एसटीनं, आणि भाडं-जेवण पाचांत वाटून घ्यायचं. बाग जर घरची बाई बघत असेल, आणि तालुक्यात अशा पुष्कळ आहेत, तर तिलाच पाठवावं. राज्यातल्या एसटीला मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. एकूण खर्च पाचांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला डाऊनीच्या एका महागड्या फवारणीपेक्षा कमीच येतो.

पण एक अट आहे. जाणाऱ्यानं परत आल्यावर दोन दिवसांत चौघांना बसवून सांगायचं. ग्रुपवर फोटो टाकून मोकळं व्हायचं नाही. पडद्यावरच्या स्लाईडचे चाळीस फोटो ग्रुपवर पडतात, आणि आठवड्यानंतर कुणाला विचारलं तर एकही उघडलेला नसतो.

सोबत न्यायचं ते थोडंच. आपल्या बागेची फवारणीची वही, माती आणि पाण्याचा तपासणी अहवाल, नसेल तर पानदेठाचा. या कागदांशिवाय शास्त्रज्ञाला प्रश्न विचारला की उत्तरही हवेतलंच मिळतं. ‘घड जिरतात, काय करू?’ याला कुणी काय सांगणार? त्याऐवजी छाटणीची तारीख, जमीन कशी, पाणी खारं की गोडं, खुंट कोणता, मागच्या उन्हाळ्यात काय मारलं, हे समोर ठेवलं तर दोन मिनिटांत कामाचं बोलणं होतं. आणि ते बोलणं मंचासमोर नाही, चहाच्या वेळेला मंडपाबाहेर होतं. निर्यातदाराचा माणूस भेटला तर त्याला एकच विचारावं. येत्या हंगामात तुमचा गिऱ्हाईक कोणती जात मागतो, मणी किती मिलिमीटरचा मागतो, आणि सरकारी मर्यादेपेक्षा कडक अशी त्याची स्वतःची काही अट आहे का? युरोपातल्या मोठ्या दुकानांच्या अशा अटी असतात. सरकारी मर्यादेत बसणारा मालही तिथे मागे ठेवला जाऊ शकतो. हे कुठल्याही यादीत छापलेलं नसतं.

आता सावध कुठे राहायचं ते. अशा मेळाव्यांना औषध आणि खतांच्या कंपन्यांचे स्टॉल असतात, मंडपाचा खर्चही बऱ्याचदा त्यांच्याकडून निघतो. त्यात गैर काही नाही, पण कोण बोलतंय ते बघावं. जो माणूस फक्त बाटलीवरचं नाव सांगतो आणि आतला घटक सांगत नाही, त्याच्या बोलण्याखाली वहीत रेघ मारून ठेवावी. मग तीन गोष्टी विचाराव्यात. आतला घटक कोणता? द्राक्षावर वापरायला त्याला मान्यता आहे का? काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं? उत्तर टाळलं की समजून घ्यावं. ‘नैसर्गिक आहे, अंश येतच नाही’ असं सांगून विकलेल्या टॉनिकवर घटकच लिहिलेला नसेल, तर ते निर्यातीच्या बागेत नेऊच नये. आत काय मिसळलंय हे तपासणीच्या कागदावरच कळेल, आणि तेव्हा माल वेलावर असेल.

दुसरी चूक आपलीच. सांगलीकडच्या बागाईतदाराचा घड बघून माणूस हरखतो आणि त्याचं वेळापत्रक जसंच्या तसं घरी आणतो. तिकडची छाटणी, तिकडची थंडी, तिकडची जमीन वेगळी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा जो उतरतो त्यात मण्याची फुगवण थांबते, आणि तालुक्याच्या पूर्वेला पाण्याची ओढ वेगळीच. त्यामुळे ऐकलेलं काहीही आधी दोन-चार ओळींवर करून बघावं, शेजारच्या ओळी नेहमीसारख्या ठेवाव्यात. बागलाणातल्या अर्ली बागांची तर छाटणीच आधी असते, त्यांना ऑगस्टचं अधिवेशन उशिराचं पडतं. त्यांनी उन्हाळ्यातलंच चर्चासत्र धरावं.

कांदेवाल्यांना पुण्याला जायचं कारण नाही. निफाड तालुक्यात चितेगाव फाट्याला राष्ट्रीय बागवानी संशोधन प्रतिष्ठानचं केंद्र आहे, तिथे कांद्याच्या जाती प्रत्यक्ष वाफ्यात बघता येतात. खेड-राजगुरूनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. नवी जात साठवणीत किती टिकते हे पुस्तिकेत वाचण्यापेक्षा, काढणीनंतर तीन-चार महिन्यांनी त्यांच्या चाळीत जाऊन सड आणि कोंब बघितलेले बरे.

मात्र कांद्याच्या बाबतीत एक गोष्ट कुठल्याच मेळाव्यात आधी कळत नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं आणि 8 डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती 2024 च्या मे महिन्यात उघडली. डिसेंबरच्या आदल्या दिवशी चांदवडच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कुठला शास्त्रज्ञ किंवा संघटनेचा पदाधिकारी हे सांगू शकला नसता. बाजार आणि औषधं कुठे चाललीत हे चर्चासत्रात कळतं, दिल्लीत काय ठरेल ते नाही. म्हणून ज्यांच्याकडे दोन्ही पिकं आहेत, त्यांनी सभासदत्वाचा आणि प्रवासाचा पैसा आधी द्राक्षावर खर्च करावा.

एवढं मात्र खरड छाटणीच्या आधी करून ठेवावं. दोन्ही अनेक्श्चर चालू वर्षाचीच आहेत ना हे बघून छापून घ्यावीत, आणि घरात शिल्लक राहिलेली प्रत्येक बाटली त्या याद्यांशी लावून बघावी. जी बसत नाही ती बागेच्या शेडमधून बाहेर काढावी, कारण मजुराच्या हाताला जी लागते तीच पंपात जाते.