मेल येतो, पण जात नाही

संस्थेच्या किंवा स्वतःच्या डोमेनवरचा मेल फोनवर घेताना पुष्कळदा नुसता पत्ता आणि पासवर्ड देऊन भागत नाही. मग 'मॅन्युअल सेटअप' निवडून माहिती स्वतः भरावी लागते.

येणाऱ्या मेलसाठी IMAP निवडावं. त्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि संगणकावरही दिसतो. सर्व्हरच्या रकान्यात सेवा देणाऱ्याने कळवलेलं नाव, समजा `mail.example.com`, जसंच्या तसं भरा. पोर्ट 993, सुरक्षा SSL/TLS. युजरनेममध्ये बहुतेक ठिकाणी पूर्ण ईमेल पत्ता लागतो, नुसतं नाव चालत नाही.

खरी अडचण होते ती मेल पाठवताना, म्हणजे SMTP च्या रकान्यांत. तिथे पोर्ट आणि सुरक्षा यांची जोडी जुळावीच लागते. 465 असेल तर SSL/TLS, कारण तिथे संभाषण पहिल्या क्षणापासून कुलूपबंद असतं. 587 असेल तर STARTTLS. तिथे सुरुवात उघडी होते आणि लगेच कुलूप लागतं. 587 ला SSL/TLS लावलं, की फोन कुलूपबंद उत्तराची वाट पाहतो, सर्व्हर साधं उत्तर देतो आणि जोडणी तुटते. मेल येत राहतात, पाठवलेले मात्र आउटबॉक्समध्ये अडकतात. अशा वेळी पासवर्ड बदलत बसू नका, आधी ही जोडी तपासा.

'प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही' असा इशारा आला, तर 'तरीही पुढे जा' दाबू नका. बहुधा सर्व्हरचं नाव चुकलेलं असतं.