तारीख उलटलेला, पण शाबूत डबा

स्वीटकॉर्नचा डबा कारखान्यात भरतात तेव्हा मक्याचे दाणे आणि मिठाचे पाणी त्यात जाते, झाकण यंत्राने दुहेरी दुमडून घट्ट बसवले जाते आणि त्यानंतर तो बंद डबा रिटॉर्ट नावाच्या मोठ्या दाबपात्रात वाफेने तापवला जातो. हा क्रम महत्त्वाचा आहे. अन्न आधी शिजवून मग भरलेले नसते. डबा आधी सील होतो आणि आतले अन्न त्यानंतर निर्जंतुक होते. त्यामुळे उष्णता देऊन झाल्यावर बाहेरचा एकही जंतू आत शिरायला वाट उरत नाही.

किती उष्णता द्यायची हे क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूवरून ठरवले गेले आहे. त्याचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात, नुसत्या उकळण्याने मरत नाहीत आणि हवा नसलेल्या जागी रुजून जीवघेणे विष तयार करतात. हवा नसलेली, ओलसर, आंबट नसलेली जागा म्हणजे नेमका मक्याचा डबा. म्हणून डब्याच्या मध्यभागी, जिथे उष्णता सर्वात शेवटी पोचते तिथे, १२१ अंश सेल्सिअसला सुमारे तीन मिनिटे ठेवण्याइतका परिणाम साधावा लागतो. एवढ्याने या बीजाणूंची संख्या लाख कोटींमागे एक इतकी खाली येते, असा हिशेब आहे. शिवाय मूळ मालात ते लाख कोटी नसतातच, फार तर मूठभर असतात.

या टप्प्यावर डब्याची सुरक्षितता ठरून गेलेली असते. जंतू मेले असतील आणि सील टिकले असेल, तर केवळ वर्षे लोटली म्हणून आत नवे जंतू उत्पन्न होत नाहीत. छापलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आत काहीच वेगळे घडत नाही.

याचे जुने दाखले आहेत. १८२४ मध्ये विल्यम पॅरी यांच्या आर्क्टिक मोहिमेबरोबर गेलेला भाजलेल्या वासराच्या मांसाचा एक डबा न उघडता इंग्लंडला परत आला आणि संग्रहालयात पडून राहिला. ११४ वर्षांनी, १९३८ मध्ये शास्त्रज्ञांनी तो उघडला. मांस चांगल्या स्थितीत होते. ते उंदरांना खाऊ घातले, त्यांना काही झाले नाही. दुसरा दाखला ‘बर्ट्रांड’ या वाफेच्या बोटीचा. मोंटानाच्या खाणकामगारांसाठी माल घेऊन निघालेली ही बोट १ एप्रिल १८६५ रोजी ओमाहाजवळ मिसुरी नदीत बुडाली आणि १९६८ मध्ये गाळाखाली सापडली. तिच्यातले पीच, टोमॅटो आणि कालवांचे डबे १९७४ मध्ये तपासले गेले, तेव्हा जंतूंची वाढ आढळली नाही. मात्र रंग आणि वास गेलेले होते. ‘क’ आणि ‘अ’ जीवनसत्त्वे बऱ्याच प्रमाणात नाहीशी झाली होती, प्रथिने आणि कॅल्शियम मात्र शाबूत होते. गाळाखालची थंडी आणि अंधार या डब्यांच्या पथ्यावर पडले, हेही लक्षात घ्यायला हवे. माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेल्या डब्याला तसे नशीब लाभत नाही.

याच्या उलट उदाहरण १९७१ सालचे, न्यूयॉर्क परिसरातले. बटाटा आणि लीकच्या डबाबंद सूपमधून बोट्युलिझम होऊन एक माणूस दगावला आणि त्याची पत्नी गंभीर आजारी पडली. तो डबा जुना नव्हता, त्याच वर्षी भरलेला होता. कारखान्यात त्याला पुरेशी उष्णताच मिळाली नव्हती. हे सूप थंडच प्यायचे असते, त्यामुळे उकळीने विष नष्ट होण्याची शेवटची संधीही गेली. डबाबंद अन्नातून होणाऱ्या बोट्युलिझमची कारणे सहसा अशीच असतात: कमी पडलेली उष्णता किंवा फसलेले सील. डब्याचे वय हे त्यांतले कारण नव्हे.

मग वर्षे जातात तसे डब्यात बदलते काय? बदलते ते रसायन, आणि ते कोणत्या अन्नात किती वेगाने बदलेल हे बरेचसे आंबटपणावर ठरते. आमरसाचा डबा आणि मक्याचा डबा शेजारी ठेवून पाहिले की हे उमगते. समजा दोन्हींची तारीख उलटून चार वर्षे झाली आहेत, दोन्ही शाबूत आहेत आणि दोन्ही घरातल्या कपाटात होते.

आमरस आंबट. त्याचा पीएच ४.६ पेक्षा कमी असतो, आणि त्या मर्यादेखाली बोट्युलिनमचे बीजाणू रुजत नाहीत. म्हणून कोकणातल्या कारखान्यांत हापूसचा रस गरम भरून, डबा बंद करून, उकळत्या पाण्यात ठेवणे पुरते. १२१ अंशांची गरज पडत नाही. हा डबा जंतूंच्या दृष्टीने जास्त निर्धास्त. पण चार वर्षांनी उघडल्यावर निराशा करणार तोच. रसातली साखर, आम्ले आणि अमिनो आम्ले एकमेकांशी संथपणे क्रिया करत राहतात आणि केशरी रंग तपकिरीकडे झुकतो. हापूसची ओळख ज्या नाजूक सुवासात असते तो विरतो आणि त्याजागी शिजवल्यासारखा, किंचित जळकट गोड वास येतो. ‘क’ जीवनसत्त्व घटते. असा रस विषारी नसतो, फक्त त्याला हापूस म्हणवत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे २७ अंशांच्या खोलीतला चार वर्षांचा डबा आणि ३७ अंशांच्या माळ्यावरचा दोन वर्षांचा डबा जवळपास एकाच वयाचे समजायला हरकत नाही.

आंबट अन्नात दुसरा बदल धातूचा. डबा पोलादी पत्र्याचा असतो आणि त्यावर कथिलाचा अगदी पातळ थर असतो. अननसासारख्या काही फळांच्या डब्यात आतून लेप मुद्दाम देत नाहीत, कारण थोडे कथिल विरघळले की फळाचा रंग फिकट आणि चांगला राहतो. पण हे विरघळणे तिथे थांबत नाही. अन्नात कथिलाची मर्यादा किलोमागे २५० मिलिग्रॅम मानली जाते. तिच्या पलीकडे गेल्यावर धातूची चव येते आणि मळमळ, उलटी, पोटदुखी होऊ शकते. कथिल संपले की आम्ल लोखंडावर जाते, हायड्रोजन वायू सुटतो आणि एकही जंतू नसताना डबा फुगतो. पुढची पायरी म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे भोक. ते पडले की इतकी वर्षे टिकलेले सील निरर्थक ठरते. आंबट डब्यांना साधारण दीड वर्षाच्या आत वापरायला सांगतात ते मुख्यतः चवीसाठी आणि पत्र्यासाठी.

मक्याचा डबा मात्र चार वर्षांनीही पुष्कळसा तसाच निघतो. दाणे थोडे मऊ, रंग किंचित मंद, थायमिन घटलेले. झाकणाच्या आतल्या बाजूला काळसर डाग दिसले तर ते बहुधा मक्याच्या प्रथिनांतल्या गंधकाने धातूवर पाडलेले असतात आणि निरुपद्रवी असतात. मांस आणि मासळीचेही तसेच. फ्रान्समध्ये तर तेलातल्या सार्डिनचे डबे मुद्दाम काही वर्षे मुरवतात, कारण काटे मऊ होतात आणि मांस तेल पिऊन घेते. मात्र या गटात गफलत झाली तर ती जीवघेणी. आंबट डबा चवीने लवकर हरतो पण सहसा कुणाला मारत नाही. कमी आंबट डबा चवीने टिकतो, पण त्याच्या सीलमध्ये दोष असेल तर त्याला क्षमा नाही. घरी बाटल्यांत किंवा डब्यांत भरलेल्या भाज्यांना यातले काहीच लागू होत नाही, कारण तिथे १२१ अंशांची खात्री नसते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची एक खास अडचण आहे. रिटॉर्टमधूनही काही उष्णताप्रेमी बीजाणू जिवंत राहू शकतात. नेहमीच्या तापमानाला ते निद्रिस्त असतात, पण विदर्भातल्या बंद गोदामात किंवा उन्हात उभ्या ट्रकमध्ये पारा बराच काळ पंचेचाळिशीच्या पुढे राहिला की जागे होतात. मग डबा न फुगता आतला माल आंबतो. हे जिवाणू विष करत नाहीत, पण अन्न वाया जाते.

तारखेचा कायदेशीर अर्थ देशागणिक वेगळा आहे. अमेरिकेत बाळांचे दूध सोडले तर केंद्रीय कायद्याने तारखेची सक्ती नाही आणि डब्यावर बहुधा उत्तम दर्जाची मुदत असते. भारतात २०२० च्या लेबल नियमांनुसार ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारीख छापावीच लागते आणि ती उलटलेला माल विकता येत नाही. बाळाच्या दुधाच्या बाबतीत तर तारीख सर्वत्र काटेकोर पाळायची, कारण तिच्यापुढे जीवनसत्त्वांच्या प्रमाणाची हमी राहत नाही आणि बाळाचे पोषण त्याच एका डब्यावर असते.

‘शाबूत’ कशाला म्हणायचे हे पाहण्यासाठी तीन जागा तपासतात. दोन्ही टोके सपाट किंवा किंचित आत गेलेली हवीत; बोटाने दाबल्यावर टोक लवून पुन्हा बाहेर येत असेल किंवा दुसरे टोक उसळत असेल तर आत वायू आहे. मधल्या अंगावरचा उथळ पोचा चालतो, पण वरच्या-खालच्या दुमडीवर किंवा उभ्या जोडावर पोचा असेल तर सील हलले असण्याची शक्यता धरतात. गंज कापडाने पुसला जात असेल तर तो वरवरचा. खरवडल्यावर खड्डे दिसले तर पत्रा पातळ झालेला आहे. कोकणच्या दमट हवेत डबा बाहेरूनच असा कुरतडला जातो. उघडताना हवा आत ओढली गेल्याचा बारीक आवाज चांगला. फवारा उडाला, फेस आला किंवा गढूळ पाणी दिसले तर डबा टाकून द्यायचा. चाखून बघायचे नाही, कारण बोट्युलिनमच्या विषाला ओळखू येईल असा वास किंवा चव असेलच असे नाही. तारीख उलटलेला पण निर्दोष डबा वापरताना आतले अन्न दहा मिनिटे खळखळून उकळणे ही जादा खबरदारी आहे, कारण त्याने विष नष्ट होते. संशयास्पद डबा वाचवण्यासाठी हा उपाय वापरायचा नाही.

डबा उघडला की त्याचे वय पुन्हा मोजायला सुरुवात होते. हवा लागल्यावर कथिल अधिक वेगाने विरघळते, म्हणून उरलेले अन्न काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवतात. मका, मांस, मासळी तीन-चार दिवसांत संपवायची. आंबट फळे त्याहून थोडी जास्त टिकतात.