एका लिटरमागे किती युनिट?

वीज जाते, जनरेटर सुरू होतो आणि लिफ्ट पुन्हा हलते. सोसायटीच्या वार्षिक हिशेबात मात्र डिझेलचा आकडा दिसला की प्रश्न येतो: ही वीज नक्की कितीला पडली?

याचं उत्तर डिझेलच्या भावाइतकंच जनरेटरवर असलेल्या लोडवर अवलंबून असतं. पुण्यातल्या एखाद्या मध्यम सोसायटीत असतो तसा २५ केव्हीएचा जनरेटर घेऊ. ०.८ पॉवर फॅक्टर धरला तर तो सुमारे २० किलोवॅट वीज देऊ शकतो. पूर्ण लोडवर त्याला तासाला साधारण साडेपाच लिटर डिझेल लागतं, म्हणजे लिटरमागे साडेतीन युनिटांहून थोडं जास्त. डिझेल ९० रुपये लिटर धरलं, तर युनिट सुमारे २५ रुपयांना पडतं.

पण सोसायटीत पूर्ण लोड क्वचितच येतो. लिफ्टची मोटर सुरू होताना एकदम जादा करंट ओढते, म्हणून जनरेटर मोठा घ्यावा लागतो. एरवी जिन्यातले दिवे आणि अधूनमधून चालणारी लिफ्ट मिळून सरासरी लोड ४ किलोवॅटच असतो. मात्र इंजिन नुसतं फिरत राहायलाही तासाला लिटरभर डिझेल खातं. त्यामुळे ४ किलोवॅटला तासाला जवळपास १.८ लिटर लागतं. दोन तास वीज गेली तर ८ युनिटांसाठी ३२४ रुपये जळतात, म्हणजे युनिटला ४० रुपये. महावितरणची वीज १२ रुपये युनिट धरली, तर तेवढंच काम ९६ रुपयांत होतं. ऑइल, फिल्टर आणि बॅटरीचा खर्च यात धरलेलाच नाही.

मग चालू जनरेटरवर पाण्याचा पंपही लावून घ्यावा का? लोड १० किलोवॅट झाला की डिझेल तासाला सुमारे ३.१ लिटर लागतं आणि सरासरी युनिट २८ रुपयांवर येतं. हा आकडा फसवा आहे. वाढलेल्या ६ युनिटांसाठी ११७ रुपयांचं जादा डिझेल गेलं, म्हणजे युनिटला साडेएकोणीस रुपये. टाकीत पाणी असेल तर पंपानं वीज येण्याची वाट पाहावी, हेच स्वस्त.

फार कमी लोडवर इंजिन पुरेसं तापत नाही. अर्धवट जळलेलं इंधन सायलेन्सरमधून काळ्या, तेलकट ओघळाच्या रूपात बाहेर दिसू लागतं. त्यामुळे लोड ३० टक्क्यांच्या खाली फार वेळ राहू नये.

आपल्या जनरेटरचा आकडा काढणं सोपं आहे. टाकी काठोकाठ भरा, पॅनेलवरचे युनिट टिपा आणि नेहमीच्या लोडवर दोन तास चालवा. मग इंजिन बंद करून मापानं डिझेल ओतत टाकी पुन्हा तेवढीच भरा. मिळालेल्या युनिटांना ओतलेल्या लिटरनं भागा. उत्तर अडीचच्या खाली आलं, तर जिन्यातले दिवे इन्व्हर्टरवर घ्या आणि जनरेटर लिफ्टची खरी गरज असेल तेव्हाच सुरू करा.